कपभर कॉफी, पिंपभर संशय

‘मी दिवसाला चार कप कॉफी पितो. प्रत्येक कपामागे दोन ग्लास पाणी जादा प्या, असं बायको बजावते. खरं का?’ एका वाचकाचा प्रश्न.

वहिनींचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. एरवी मूत्रपिंडं रक्तातून गाळलेलं मीठ आणि त्यामागोमाग पाणी परत ओढून घेतात. हे काम अॅडेनोसिनच्या इशाऱ्यावर चालतं. कॅफीन तो इशारा अडवतं, त्यामुळे थोडं मीठ लघवीतच राहतं आणि पाणीही त्याच्याबरोबर बाहेर पडतं. १९९७ साली जर्मनीत बारा जणांना पाच दिवस कॅफीन बंद ठेवून मग एका दिवसात सहा कप कॉफी पाजली. लघवी सुमारे पाऊण लिटरने वाढली!

पण मेख त्या पाच दिवसांच्या उपासात आहे. रोजच्या कॉफीला शरीर सरावतं आणि उपास घडला की तो सराव मोडतो. म्हणून रोज पिणाऱ्यांवरच प्रयोग व्हायला हवा होता. तो बर्मिंगहॅममध्ये झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. रोज तीन ते सहा कप पिणारे पन्नास पुरुष निवडले. तीन दिवस त्यांना रोज २०० मिलिलिटरचे चार कप काळी कॉफी दिली आणि दुसऱ्या खेपेला तीन दिवस तेवढंच पाणी.

आता शरीरातलं पाणी मोजायचं कसं? पिंपात किती पाणी आहे हे न उपसता कळायला हवं असेल, तर मोजून चमचाभर मीठ टाका, नीट ढवळा आणि घोटभर चाखा. जितकं अळणी, तितकं पाणी जास्त. इथे मिठाऐवजी ड्यूटेरियमचं जड पाणी वापरलं आणि ढवळण्याचं काम रक्ताभिसरणाने केलं. माणसाचं पिंप करायची ही युक्ती मला भारी आवडते! निकाल असा, की शरीरातलं पाणी दोन्ही खेपांना सारखंच होतं आणि दिवसभराच्या लघवीतही फरक नव्हता. कॉफीच्या दिवसांत लघवीतून मीठ मात्र थोडं जास्त गेलं.

तेव्हा आपल्या वाचकांचा हिशेब मांडू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते पुरुषाला अन्नासकट दिवसाला अडीच लिटर पाणी पुरतं, बाईला दोन. पुरुषाच्या अडीचपैकी निदान अर्धा लिटर जेवणातूनच येतो. उरले दोन. दीडशे मिलिलिटरचे चार कप म्हणजे ६०० मिलिलिटर, आणि ते सगळे जमेच्या बाजूला. बाकी १४०० मिलिलिटर, म्हणजे साधारण सात ग्लास. त्यात ताकही धरा.

हे आकडे सौम्य हवेचे आहेत. नागपूरच्या मे महिन्यात घाम वेगळा मोजावा लागेल. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी वाढवा. आणि महिनाभर कॉफी सोडून पुन्हा सुरू केलीत, तर पहिले दोन-तीन दिवस वहिनींचं ऐका.