‘सॉरी सर, जरा त्रास देतेय…’

हिशेब विभागात नुकतीच रुजू झालेली एक मुलगी बिलिंगच्या साहेबांना मेल लिहिते आहे, असं समजू. “सॉरी सर, त्रास देतेय. फक्त एक विचारायचं होतं. मला वाटतं, कदाचित मार्चच्या एका बिलात जीएसटी थोडासा चुकला असावा. माझंच काही चुकत असेल तर सॉरी. वेळ मिळाला तर जरा बघाल का? घाई नाही.”

मेल कमालीचा नम्र आहे, पण कामाची एकही गोष्ट त्यात नाही. कोणतं बिल, किती रुपयांची चूक, कधीपर्यंत दुरुस्ती हवी, यातलं काहीच साहेबांना कळत नाही. वर ‘घाई नाही’ हे तर खरंही नाही. दरमहा विवरण भरणाऱ्या कंपनीला मार्चच्या विक्रीचा जीएसटीआर-१ अकरा एप्रिलपर्यंत भरावा लागतो आणि आज सात तारीख आहे. साहेब मेल वाचतात, ‘बघू सवडीनं’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांचा यात दोष काढता येणार नाही. सवडीनं बघा, असं त्यांना लिहूनच दिलेलं आहे.

वरिष्ठांपुढे आवाज असा खाली आला की काय होतं, याचा फार गंभीर दाखला विमानाच्या कॉकपिटमधला आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ धावपट्टीवर धावू लागलं. इंजिनातलं बर्फ रोखणारी यंत्रणा सुरू केलेली नव्हती. त्यामुळे इंजिनाचा जोर प्रत्यक्षात कमी असूनही काटे तो पुरेसा दाखवत होते. सहवैमानिकाला हे खटकलं. हे बरोबर वाटत नाही, असं तो एकदा नव्हे, अनेकदा म्हणाला. कॅप्टननं ते उडवून लावल्यावर मात्र ‘कदाचित असेलही बरोबर’ असं म्हणून त्यानं स्वतःच माघार घेतली. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत कोसळलं आणि ७८ माणसं गेली. शंका आली असतानाही उड्डाण थांबवलं नाही, हे तपास अहवालानं कॅप्टनच्या चुकांमध्ये नोंदवलं. सहवैमानिकाला धोका दिसला होता, पण ‘थांबवा’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात बोलण्याची एक पद्धत शिकवली जाऊ लागली. समोरच्याला नावानं हाक मारायची, काळजी बोलून दाखवायची, काय दिसतंय ते नेमकं सांगायचं, उपाय सुचवायचा आणि शेवटी त्याची संमती विचारायची. या क्रमात उद्धटपणाला जागाच नाही. हाक आदरानं मारलेली असते, आणि शेवटचा प्रश्न निर्णय समोरच्याच्या हाती ठेवतो. मधला भाग मात्र सरळ असतो.

हाच क्रम त्या मेलला लावला तर तो असा होतो: “नमस्कार सर. सोबत जोडलेल्या मार्चच्या बिलात कराचा आकडा चुकलेला दिसतो. ४०,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये होतात, बिलात ७,०२० पडले आहेत. ११ तारखेच्या विवरणात बरोबर आकडा जायला हवा, म्हणून ९ तारखेपर्यंत दुरुस्ती करून द्याल का?”

‘सॉरी’, ‘फक्त’, ‘जरा’, ‘कदाचित’ हे सगळं गेलं, तरी वाचणाऱ्याला टोचेल असं यात काही नाही. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘द्याल का’ म्हटलं की मान दिला गेला, त्यावर आणखी ‘जरा’चा मुलामा लागत नाही. कारण आणि तारीख दिल्यामुळे मागणी हुकमासारखीही वाटत नाही. उलट कारण गाळून नुसतं ‘९ तारखेपर्यंत दुरुस्त करा’ असं लिहिलं, तर ते खरोखर उर्मट वाटेल. कात्री चालवताना लोक इथे चुकतात. लटपटणारे शब्द काढताना ते नमस्कार आणि कारणही काढून टाकतात.

प्रत्येक ‘कदाचित’ काढावा, असंही नाही. ताप पाहून डॉक्टर ‘मलेरिया असू शकतो, रक्त तपासू’ म्हणतात, तेव्हा ती शंका खरी असते आणि रुग्णाला ती कळायलाच हवी. ओळखायची खूण सोपी आहे. नेमकी शंका कशाची, हे सांगता येत असेल तर ती ठेवावी आणि नीट उलगडून लिहावी. त्या मुलीला कराच्या दराचीच खात्री नसती, तर ‘मी १८ टक्के दर धरला आहे, तो वेगळा असल्यास कळवावे’ हे वाक्य योग्य ठरलं असतं. आपल्या शंकेला असं बोट ठेवायला जागाच सापडत नसेल, तर तो ‘कदाचित’ भीतीपोटी आलेला आहे असं समजावं.

‘सॉरी’चंही तसंच. रात्री साडेदहाला फोन केला, कबूल केलेला तक्ता दोन दिवस उशिरा पाठवला, तर माफी मागायलाच हवी, आणि तीही कशाबद्दल ते सांगून. दिवसाच्या कामाच्या वेळेत कामाचंच विचारायला मात्र तिची गरज नाही. पुढचा मेल पाठवण्याआधी पहिलं वाक्य एकदा झाकून पाहा. त्यावाचून काही अडत नसेल, तर ते खुशाल खोडा.