पट्टीवरची कपात आणि पट्टीआधीची

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर सकाळीच रांगेत लागतात. लिलाव सुरू झाला की समितीचा कर्मचारी आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपुढून सरकत जातो. कुणी ट्रॉलीवरचा कांदा हातात घेऊन दाबतो, कुणी मागच्या फाळक्याजवळचा माल चाळवतो. बोली चढते, थांबते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे वळतो. हा सगळा प्रकार फार तर दोन-तीन मिनिटांचा असतो. शेतकऱ्याच्या हातात पडते ती खरेदीदाराचे नाव आणि क्विंटलचा भाव लिहिलेली लिलावाची पावती.

पैसे मात्र अजून बरेच लांब असतात. भरलेला ट्रॅक्टर आधी भुईकाट्यावर चढतो, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामा होतो आणि पुन्हा काट्यावर येतो. दोन वजनांतला फरक म्हणजे कांद्याचे वजन. समजा, भरलेले वजन ६,१४० किलो आणि रिकामे ३,६२० किलो भरले, तर माल झाला २५ क्विंटल २० किलो. भाव १,६४० रुपये धरला तर रक्कम होते ४१,३२८ रुपये. त्यातून हमाली, तोलाई, वाराई मिळून १९० रुपये गेले असे धरू. हिशोबपट्टीवर शेवटचा आकडा येतो ४१,१३८.

शेतकऱ्याचा राग बहुधा या १९० रुपयांवर असतो, आणि तो उगाच नाही. ट्रॉली हायड्रॉलिकने उलटते आणि वजन इलेक्ट्रॉनिक काटा करतो, मग हमाली आणि तोलाई कशाची, असे तो विचारतो. एप्रिल २०२४ मध्ये याच कपातीच्या वादातून नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. व्यापाऱ्यांनी पट्टीतून ही रक्कम कापायचे थांबवले, आणि माथाडी-मापाऱ्यांचा त्याला विरोध होता. अडतीचा प्रश्न त्याआधीच, २०१६ मध्ये, निकाली निघाला. फळे-भाजीपाल्याची अडत तेव्हापासून विकणाऱ्याकडून घेता येत नाही. बाजार फीसुद्धा खरेदीदारानेच भरायची असते. या दोन्हींपैकी काहीही पट्टीत दिसले, तर तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

पण मोठी रक्कम जाते ती पट्टी लिहिण्याआधी. वरच्या हिशोबातले २० किलो ‘वरचे सोडा’ म्हणून काढून टाकले, तर ३२८ रुपये गेले. सगळ्या छापील कपातीपेक्षा ही रक्कम जास्त आहे. चालकाचेही तसेच. भरल्या वजनाला तो खाली उतरला आणि रिकाम्या वजनाला ट्रॅक्टरवर बसून राहिला, तर त्याचे ७० किलो थेट मालातून वजा होतात. म्हणजे १,१४८ रुपये! त्यामुळे दोन्ही वेळी बसा किंवा दोन्ही वेळी उतरा, आणि ट्रॅक्टर चढण्याआधी काट्यावर शून्य आहे का ते पाहा.

याहून महाग पडतो तो वांधा. खळ्यावर ट्रॉली ओतली जाते आणि आतून गोल्टी, जोडकांदा, काजळी आलेला किंवा कोंब फुटलेला माल निघतो. व्यापारी म्हणतो, लिलावात दिसला तो माल हा नव्हे, भाव शंभराने कमी करा. शंभर रुपये म्हणजे २,५२० रुपयांचा फटका. व्यापाऱ्याची बाजू अगदीच खोटी नसते, कारण वर निवडक कांदा आणि तळाला खाद भरणारेही असतातच. पण भाव पडत्या दिवशी वांधे वाढतात, हेही बाजारात सगळ्यांना ठाऊक असते. एकदा ट्रॉली रिकामी झाली की शेतकऱ्याची अडचण होते. ओतलेला कांदा पुन्हा भरायचा कोणी, या विचाराने तो पडत्या भावाला मान डोलावतो. वांधा मिटवणे हे समितीचे काम आहे. माल ढिगात मिसळण्याआधी समितीच्या माणसाला खळ्यावर बोलावले, तरच त्याला काही ठरवता येते. शहाणे शेतकरी गोल्टी घरीच वेगळी काढून निराळी विकतात. भाव कमी मिळतो, पण चांगल्या मालाचा भाव कापायला कारण उरत नाही.

राहिले पैसे. मालाची रक्कम चोवीस तासांत चुकती व्हायला हवी. रोख मिळाली तर प्रश्न मिटला. नोटाबंदीनंतर धनादेश आणि बँकेतून भरणा वाढला आणि त्याबरोबर पुढच्या तारखेचे धनादेशही आले. असा धनादेश घेणे म्हणजे व्यापाऱ्याला बिनव्याजी उधार देणे. तो वटला नाही तर समितीकडे तक्रार करता येते. त्या वेळी लिलावाची पावती, दोन्ही वजनांच्या काटापट्ट्या आणि खरेदीदाराच्या नावाची हिशोबपट्टी जवळ असावी लागते. साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून मिळाला असेल, तर आवार सोडण्याआधी पक्की पट्टी मागून घ्या.