वटवलेली हुंडी आणि परत आलेली उधारी

हुंडी बँकेत वटवली की उधारी संपली, असा समज वाणिज्य शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांच्या रोजकीर्दीत दिसतो. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि अनादराच्या नोंदीतल्या बहुतेक चुकांचे मूळ तोच आहे. जळगावची डाळ ठिकठिकाणी उधारीवर जाते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. समजा, मेहरूणच्या एका व्यापाऱ्याने धुळ्याच्या दुकानदाराला ६०,००० रुपयांची तूरडाळ उधार दिली आणि १२ मे रोजी तीन महिन्यांची हुंडी लिहिली. दुकानदाराने ती स्वीकारली. सवलतीचे तीन दिवस धरून ती १५ ऑगस्टला देय होते. पण तो सुट्टीचा दिवस, म्हणून देय तारीख १४ ऑगस्ट. स्वीकृतीची नोंद अशी: प्राप्य विपत्र खाते नावे ६०,०००, दुकानदाराचे खाते जमा ६०,०००. त्याच दिवशी बँकेने दरसाल १२ टक्क्यांनी हुंडी वटवली. आता बँक खाते नावे ५८,२००, वटाव खाते नावे १,८०० आणि प्राप्य विपत्र खाते जमा ६०,०००.

प्राप्य विपत्र खाते शून्य झाले, पण व्यापाऱ्याची जबाबदारी शून्य झाली नाही. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानुसार, हुंडीचा अनादर झाला आणि त्याची रीतसर सूचना मिळाली, तर हुंडी लिहिणाऱ्याला धारकाची भरपाई करावी लागते. म्हणून १४ ऑगस्टला दुकानदाराने पैसे दिले नाहीत, तर बँक ६०,००० आणि नोटरीच्या नोंदीचे २०० रुपये व्यापाऱ्याच्याच खात्यातून वळते करते. नोंद होते: दुकानदाराचे खाते नावे ६०,२००, बँक खाते जमा ६०,२००. इथे अनेकजण प्राप्य विपत्र खाते जमा करतात. त्या खात्यावर एकदम ६०,००० ची जमा बाकी दिसली की चूक ओळखता येते.

मग वटावाचे १,८०० रुपयेही दुकानदाराच्या नावे का लिहू नयेत? कारण पैसे तीन महिने आधी हवे होते ते व्यापाऱ्याला. वटाव ही त्या सोयीची किंमत आहे. २०० रुपयांचा खर्च मात्र दुकानदाराने पैसे न दिल्यामुळेच झाला, त्यामुळे तो त्याच्या नावे जातो.

नूतनीकरणाबाबत आक्षेप असा की, दोघांनी समजुतीने मुदत वाढवली, तर आधी अनादर कशाला दाखवायचा? पण जुनी हुंडी रद्द होऊन मूळ येणे पुन्हा उभे राहिल्याशिवाय त्यातून काय दिले आणि काय उरले, हे खात्यावर दिसणारच नाही. दुकानदाराने २०,२०० रुपये रोख दिले. उरलेल्या ४०,००० वर दोन महिन्यांचे १२ टक्क्यांनी ८०० रुपये व्याज ठरले: दुकानदाराचे खाते नावे ८००, व्याज खाते जमा ८००. त्यानंतर रोख खाते नावे २०,२००, प्राप्य विपत्र खाते नावे ४०,८००, दुकानदाराचे खाते जमा ६१,०००. व्याज पूर्ण ६०,००० वर घेतले, तर जे पैसे हातात आले त्यांच्यावरही आकारणी होते.

आज ट्रेड्स मंचावर लघुउद्योगांची बिले विक्रेत्यावर परत न येण्याच्या अटीवर वटवली जातात. तिथे अनादराचा भार वित्तपुरवठादार उचलतो, त्यामुळे विक्रेत्याच्या पुस्तकात अनादराची नोंद येतच नाही. मेहरूणच्या या हुंडीला अशी अट नव्हती. ती ३१ मार्चला वटवलेली आणि न फेडलेली असती, तर ताळेबंदाखाली ६०,००० रुपयांची संभाव्य देयता दाखवावी लागली असती.