घंटागाडीची सूचना वाचताना

नगरपरिषदेच्या फलकावर लागणाऱ्या जाहीर सूचनेची भाषा ठरलेली असते. ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, मधे नियमांचे नि अधिनियमांचे क्रमांक आणि शेवटी ‘अन्यथा दंडात्मक कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ आपली नजर दंडाच्या आकड्यावर जाते, मग गाडीच्या वेळेवर, आणि उरलेला कागद वाचायचा राहून जातो. खरी गोष्ट मात्र त्या उरलेल्या कागदात असते.

देशात कचऱ्याचे पहिले सविस्तर नियम 2000 साली आले, दुसरे 2016 मध्ये. आता 1 एप्रिल 2026 पासून तिसरे लागू आहेत. 2016 मध्ये घरातल्या कचऱ्याचे तीन भाग होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. नव्या नियमांत चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सूचनेत डब्यांचे रंग दिलेले असतात आणि लोक रंगांवरून वाद घालत बसतात. रंग दुय्यम आहे. चार ढीग का केले, हे कळलं की कोणती वस्तू कुठे टाकायची हे फारसं विचारावं लागत नाही.

जुन्या नियमांत सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचे होते. कागदावर हे ठीक दिसायचं. पण सुक्या कचऱ्याची पिशवी कुठे जाते? ती वर्गीकरण केंद्रातल्या टेबलावर रिकामी होते आणि बायका हातांनी त्यातून पुठ्ठा, बाटल्या, पत्रा वेगळा काढतात. गुंडाळलेली पुडी आत काय आहे ते सांगत नाही, त्यामुळे ती उघडली जाते. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने यावर साधा उपाय सुचवला: पुडी वर्तमानपत्रात बांधा आणि वर ठसठशीत लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला. चौथ्या डब्याची गरज का होती, ते या ठिपक्यावरून समजतं. आता ही पुडी स्वतंत्रच द्यायची. वापरलेलं बँडेज आणि जखमेचा कापूसही तिच्यातच.

ओल्या कचऱ्याची व्याख्या सगळ्यात सोपी आणि अंमल सगळ्यात अवघड. भाजीची देठं, चहाचा चोथा, उरलेलं अन्न, अंड्याची टरफलं, हाडं, देवापुढचं निर्माल्य, हे सगळं ओलं. निर्माल्यातला दोरा, जरीची पट्टी नि थर्माकोलचं मखर मात्र नाही. खतप्रकल्पात हा कचरा लांब ढिगांत रचतात, अधूनमधून उलटवतात, पाणी मारतात. ढीग आतून साठ अंशांच्या आसपास तापतो, दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं आणि ते चाळणीतून काढतात. खत नियंत्रण आदेशानुसार बहुतेक खत चार मिलिमीटरच्या चाळणीतून गेलं पाहिजे. चाळणीवर काय उरतं, ते एकदा बघण्यासारखं असतं: शाम्पूच्या पुड्या, पेनाची टोपणं, रबरबँड आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. ते कोपरे इतके लहान असतात की भंगारवालाही उचलत नाही. म्हणून दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, चीर देऊन लटकता ठेवावा. मग पिशवी विसळून, निथळून सुक्यात टाकावी.

आता तो ‘विशेष काळजी’चा कचरा. यात जुनी औषधं, रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर असं बरंच येतं. महिनोन्महिने यातलं काही निघतच नाही, त्यामुळे हा डबा सगळ्यांना अनावश्यक वाटतो. एक हिशेब करून बघू. खतात पाऱ्याचं प्रमाण किलोला जास्तीत जास्त 0.15 मिलिग्रॅम चालतं. एका सीएफएल दिव्यात साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. पाच मिलिग्रॅमचा दिवा ओल्या कचऱ्यात फुटला आणि निम्मा पारा हवेत उडाला असं धरलं, तरी उरलेला अडीच मिलिग्रॅम पारा सोळा-सतरा किलो खताला मर्यादेवर नेऊन ठेवतो. चहाच्या चोथ्यापासून ते खत बनवायला घरातल्यांनी महिनाभर खटपट केलेली असते, आणि ती एका दिव्याने वाया जाते. ही वस्तू घंटागाडीत द्यायची की संकलन केंद्रावर नेऊन द्यायची, हे सूचनेत शोधा. 2016 च्या नियमांतच दर वीस चौरस किलोमीटरला असं एक केंद्र असावं असं म्हटलं होतं. सूचनेत केंद्राचा पत्ता नसेल, तर आरोग्य विभागात विचारायचा पहिला प्रश्न तोच.

सूचनेत नसलेल्या पण रोज अडवणाऱ्या काही गोष्टी आहेत. फुटलेली काच सुक्यात जाते, पण जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहून. घर झाडून निघालेली माती ओल्यात टाकू नये, खताचं वजन वाढतं आणि कस उतरतो. नारळाची करवंटी कुजायला फार वेळ घेते, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती बागेतल्या पालापाचोळ्याबरोबर वेगळी उचलतात. तेल झिरपलेला पिझ्झ्याचा खोका पुठ्ठा म्हणून विकला जात नाही. त्याचा स्वच्छ झाकणाचा भाग फाडून सुक्यात, तेलकट तळ ओल्यात. आणि बांधकामाचा राडारोडा घंटागाडीत देऊच नये, त्याची व्यवस्था निराळी असते.

गाडीच्या वेळा हा सूचनेतला सगळ्यात भांडणाचा भाग. ‘सकाळी 7 ते 11’ असं छापलेलं असतं, आणि नोकरीवर साडेआठला निघणाऱ्या माणसाला चार तासांची ती फट निरुपयोगी असते. तो रात्रीच पिशवी दाराबाहेर ठेवतो. पहाटेपर्यंत कुत्री ती फाडतात, नि वर्गीकरण केलेलं सगळं पुन्हा एक होतं. म्हणून प्रभागनिहाय वेळापत्रकात आपल्या गल्लीची वेळ आहे का, ते बघावं. नसेल तर मागावी. गाडीचा मार्ग ठरलेला असतो, त्यामुळे चालकाला प्रत्येक गल्ली साधारण कधी येते ते माहीत असतं. दुसरी नोंद वारांची. ओला रोज, सुका ठरावीक वारी, अशी व्यवस्था असेल तर सुका घरात साठवावा लागतो आणि तो धुऊन-वाळवून ठेवला नाही तर दोन दिवसांत मुंग्या लागतात. कोरडा सुका कचरा आठवडाभरही वास न येता राहतो.

दंडाबद्दल. आकडे मनात धरायचे तर साधारण 2018 पासून राज्याने ठरवलेले दर आठवावेत. मोठ्या महापालिकांत रस्त्यावर कचरा टाकला तर 180 रुपये, थुंकलं तर 150. लहान महापालिकांत ते अनुक्रमे 150 आणि 100. मिश्र कचऱ्याचा दंड प्रत्येक ठिकाणच्या उपविधीत असतो, तो तुमच्या सूचनेतच वाचा. माझ्या मते दंडाची रक्कम हा सगळ्यात दुबळा भाग आहे. खरी शिक्षा ही की गाडी मिश्र कचरा नेत नाही. आणि त्यातूनच गोंधळ सुरू होतो: नाकारलेली पिशवी रात्री कोपऱ्यावर जाते, दुसरी तिच्या शेजारी, आणि आठवड्यात तिथे ‘क्रॉनिक स्पॉट’ तयार होतो. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचा हा शब्द आहे, आणि शहरातल्या अशा जागांची यादी त्यांना पाठ असते. दंड घरोघरी डबा तपासून होतो त्यापेक्षा या कोपऱ्यांवर पाळत ठेवून जास्त होतो. रक्कम द्यावी लागली तर पावती घ्या. पावतीवर कलम किंवा उपविधी, तारीख आणि निरीक्षकाचं नाव हवं. दुसऱ्यांदा सापडल्यास दर वाढतो, म्हणून पहिली पावती कुठल्या कारणासाठी फाडली गेली, हे तिच्यावर स्पष्ट असणं तुमच्याच हिताचं.

लोकांचा एक रास्त राग आहे: आम्ही वेगळं करतो, गाडीत सगळं एकच होतं. हे ओळखणं सोपं आहे. गाडीला आत कप्पे आहेत का? आणि भरल्यावर ती कुठे ओतते? छोटी गाडी जर मोठ्या कॉम्पॅक्टरमध्ये ओला-सुका एकत्र ओतत असेल, तर आधीच्या कप्प्यांना अर्थ उरत नाही, कारण कॉम्पॅक्टर सगळं दाबून एक करतो. वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेणं ही पालिकेचीही नियमाने आलेली जबाबदारी आहे. तक्रार करायची तर गाडीचा क्रमांक, गल्ली, वेळ आणि ओतण्याची जागा लिहून, फोटोसह, आरोग्य विभागाला. ‘कर्मचारी नीट काम करत नाहीत’ अशी तक्रार तपासता येत नाही, गाडीच्या क्रमांकाची येते. पालिकेने मनावर घेतलं तर काय होतं ते सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात बघता येतं. लहानसं शहर, पण तिथे घरातूनच काटेकोर विभागणी झाली, ओल्यापासून बायोगॅस आणि प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत. कचरा डेपोवर लोक मुद्दाम बघायला जाऊ लागले.

मोठ्या सोसायट्यांसाठी सूचनेत वेगळा परिच्छेद असतो: ‘मोठे कचरा उत्पादक’. दिवसाला शंभर किलो कचरा ही त्याची एक खूण. चौघांच्या कुटुंबातून सव्वा किलोच्या आसपास कचरा निघतो असं धरलं, तर ऐंशी सदनिकांची सोसायटी बरोब्बर त्या रेषेवर येते. म्हणजे पंच्याहत्तर घरांची सोसायटी निर्धास्त, आणि ब्याऐंशीची घामाघूम. 2026 च्या नियमांत बांधकामाचं एकूण क्षेत्रफळ आणि पाण्याचा वापरही मोजला जातो, त्यामुळे केवळ वजनाच्या काट्यावर सुटका नाही. अशा सोसायटीला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा लागतो. समितीने आधी आठवडाभर रोजचं वजन करून वहीत लिहावं. त्या वहीवरूनच पुढे खताच्या टाक्या किती मोठ्या घ्यायच्या, हे ठरतं, आणि ‘आमच्याकडे एवढा कचरा नाहीच’ हे म्हणायलाही पुरावा लागतोच.

शेवटी, घरातल्या कार्यांबद्दल. शंभराहून जास्त माणसं जमणार असतील आणि कार्यालयाऐवजी मांडव किंवा मोकळी जागा असेल, तर 2016 च्या नियमांनुसार पालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं असे. तुमच्या शहराच्या उपविधीत ही अट कशी आहे, ते पाहून घ्यावं. मांडववाल्याला आगाऊ देतानाच पत्र दिलं, तर उष्ट्या पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या न्यायला वेगळी गाडी कोणत्या वेळी येईल, ते आधीच ठरवता येतं.