क्लिक झाली म्हणजे सापडलं असं नाही

२०१५ च्या सुमारास विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनमध्ये एक साधा प्रश्न विचारला जात होता. आपल्या सर्च बॉक्समध्ये लोक काहीतरी टाइप करतात, पण त्यांना हवं ते मिळतं का? शोधाचं काम पाहणाऱ्या गटाने त्यासाठी एक सोपा आकडा धरला: किती शोधांना एकही निकाल मिळाला नाही. हा आकडा खाली आणला की वाचक खूश, असा हिशेब होता.

पण निकाल न मिळालेले शोध प्रत्यक्ष वाचायला घेतल्यावर हिशेब बिघडला. त्यातले बरेचसे माणसांनी केलेलेच नव्हते. कुठला तरी प्रोग्रॅम शोधनिबंधांचे लांबलचक ओळख क्रमांक एकामागून एक टाकत होता. काही शोधांच्या पुढेमागे quot हा शब्द चिकटलेला होता. अवतरणचिन्हाचा संगणकी कोड कुठेतरी अर्धवट उलगडला गेला आणि शब्द म्हणून शोधात शिरला, एवढंच त्याचं कारण. अशा शोधांना निकाल दिला काय आणि न दिला काय, कुठल्याही वाचकाला फरक पडणार नव्हता. शिवाय हा आकडा शून्यावर आणणं अगदी सोपं असतं. काहीही विचारलं तरी दहा असंबद्ध पानं दाखवायची, की झालं.

मग मोजायचं काय? निकाल किती दाखवले हे सोडून, निकाल पाहून माणसाने काय केलं हे. निकालावर क्लिक केली का, शब्द बदलून पुन्हा शोधलं का, की काहीच न करता निघून गेला, अशा तीन वाटा असतात. त्यांना अनुक्रमे क्लिक-थ्रू, शोधबदल आणि शोधत्याग म्हणू.

क्लिक मोजायला सर्वांत सोपी आणि फसवायलाही सर्वांत तयार. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉर्स्टन योआकिम्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गूगलवर शोध करायला लावले आणि त्यांची नजर कुठे फिरते ते यंत्राने टिपलं. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना पहिल्या दोन निकालांची अदलाबदल करून दाखवली होती. तरीही क्लिक जास्त पडली ती वर दिसणाऱ्या निकालावरच. म्हणजे क्लिकमध्ये निकालाच्या गुणाबरोबर त्याची जागाही मोजली जाते. विकिमीडियाच्या गटाने म्हणूनच क्लिकला वेळेची जोड दिली. उघडलेलं पान किमान दहा सेकंद उघडं राहिलं तरच ते समाधानाच्या खात्यात जमा होऊ लागलं. इतर अभ्यासांत बहुधा तीस सेकंदांची मर्यादा दिसते. दोन्हींपैकी एकही आकडा दगडावरची रेघ नाही. वेळापत्रकाच्या पानावर गाडीची वेळ पाहायला पाच सेकंदही पुरतात.

आता एक भेट जवळून पाहू. समजा, पर्यटनाची एक मराठी वेबसाइट आहे. एक वाचक ‘पुण्यातल्या लेण्या’ असं टाइप करतो आणि एकही निकाल येत नाही. दहा-बारा सेकंदांत तो ‘पुणे लेण्या’ करून पाहतो. तीन निकाल येतात, तिन्ही वेरूळच्या सहलीच्या जाहिराती. क्लिक नाही. तिसऱ्यांदा तो ‘पुणे लेणी’ टाकतो. आता दुसऱ्या क्रमांकावर पाताळेश्वर दिसतं, तो ते उघडतो आणि तीन मिनिटं वाचतो. मग परत सर्च बॉक्सकडे येऊन ‘पाताळेश्वर वेळ’ असं विचारतो. निकालाच्या नावाखालच्या दोन ओळींतच उघडण्या-बंद होण्याची वेळ छापलेली असते. ती वाचून तो साइट बंद करतो.

याचा हिशेब कसा मांडायचा? शोध चार, क्लिक एक. शोधागणिक मोजलं तर क्लिक-थ्रू २५ टक्के आणि क्लिकविना राहिलेले शोध ७५ टक्के, साइट नापास. भेटीगणिक मोजलं तर एका भेटीत एक चांगली क्लिक, म्हणजे १०० टक्के, साइट उत्तम. नोंद तीच, निकालपत्रं मात्र दोन. त्यामुळे कुणी नुसतं ‘आमचं क्लिक-थ्रू अमुक टक्के’ असं सांगितलं, तर भागाकाराच्या खाली काय धरलं होतं हे आधी विचारावं.

क्लिकविना राहिलेले ते तीन शोधही एका माळेचे मणी नाहीत. चौथ्या शोधात क्लिक झाली नाही ती काम झालं म्हणून. याला ‘चांगला शोधत्याग’ म्हणता येईल. गूगलच्या जेन ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये क्लिकविना सोडलेले शोध माणसांकडून तपासून घेतले: याचं उत्तर निकालाच्या पानावरच मिळू शकलं असतं का? असे शोध मोबाइलवर अधिक प्रमाणात निघाले. वेळ, भाडं, फोन नंबर, पिनकोड विचारणारे शोध म्हणूनच वेगळे काढून मोजावे लागतात. तरीही माणूस गप्प निघून गेला तर तो तृप्त होऊन गेला की वैतागून, हे नोंदवहीतून पक्कं कळत नाही. थोड्या लोकांना ‘हवं ते मिळालं का?’ असं तिथल्या तिथे विचारणं, हाच त्यावर खात्रीचा उपाय.

शोधबदल मात्र बोलका असतो. पहिल्या तीन शोधांत वाचकाची गरज एकच होती, बदलत गेले ते शब्द. आधी ‘पुण्यातल्या’चं ‘पुणे’ झालं, मग ‘लेण्या’चं ‘लेणी’. शब्दाला प्रत्यय लागला की मूळ रूप बदलतं, आणि बोलण्यातलं अनेकवचन लेखातल्या शब्दाशी जुळत नाही. या साइटच्या यंत्रणेला हे दोन्ही शिकवलेलं नाही, असं तिच्या वाचकानेच फुकटात दाखवून दिलं. चौथा शोध वेगळ्या जातीचा: सापडलेल्या गोष्टीबद्दल पुढचा प्रश्न. त्याला अपयशात धरणं चूक. दोन शोधांमध्ये गेलेले सेकंद, सामाईक शब्द आणि मधे झालेली क्लिक, एवढ्यावरून हा फरक बऱ्यापैकी ओळखता येतो. क्लिक झाली, पण लगेच परत येऊन तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तर ती क्लिक वाया गेली असं समजावं. मायक्रोसॉफ्टच्या अहमद हसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुसत्या क्लिकपलीकडे जाऊन शोधबदलावरून समाधानाचा अंदाज बांधला, तो याच धर्तीवर.

एक अडचण उरतेच. नेमकं नाव टाइप केलं की विकिपीडिया निकालाची यादी न दाखवता थेट त्या पानावर नेतो. सर्वांत यशस्वी शोध असा क्लिकच्या हिशेबातून गळतो आणि अवघड शोध तेवढे मागे उरतात. टाइप करतानाच सुचणाऱ्या नावांमधून निवड झाली, तरी बऱ्याच ठिकाणी तसंच घडतं. सूचना सुधारल्या की निकालाच्या पानावरचं क्लिक-थ्रू घसरलेलं दिसू शकतं, आणि बैठकीत उगाच चिंता सुरू होते.

दुकान, वाचनालय किंवा नगरपालिकेची साइट चालवणाऱ्यांना यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत एकामागून एक टाइप झालेल्या शोधांच्या जोड्या काढाव्यात, यंत्रांनी केलेले शोध आधी गाळून टाकावेत आणि सर्वाधिक वेळा आलेल्या पन्नास जोड्या कुणीतरी बसून वाचाव्यात. कुठला शब्द कुठे अडतो, ते तिथे सरळ लिहिलेलं सापडेल.