एक जीबी मागितली, मिळाली किती?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या परीक्षेत मेमरीचे प्रश्न वेगवेगळ्या कप्प्यांतून येतात. स्टॅक आणि हीप यांतला फरक थोड्या गुणांना विचारतात आणि पेजिंगवर गणित घालतात. गेटच्या तयारीतलं नेहमीचं गणित असं: पत्ता ३२ बिटांचा, पेज ४ केबीचं, तर पेज टेबलात नोंदी किती? पेजच्या आतली जागा सांगायला १२ बिट लागतात. उरलेल्या २० बिटांत पेजचा क्रमांक बसतो, म्हणून नोंदी साडेदहा लाखांच्या आसपास. मुलं हे बिनचूक सोडवतात. पण हीपमधली जागा याच पेजमधून येते, हे त्यांना कुणी विचारत नाही.

६४ बिटांच्या लिनक्सवरच्या या दोन ओळी पाहा:

```c
char *p = malloc(1 << 30);
p[5000] = 'a';
```

मागणी १ जीबीची. इतकी मोठी मागणी आली की सी लायब्ररी कर्नलकडून थेट नवा पट्टा घेते. कर्नल पत्त्यांची हद्द नोंदवतो, रॅम मात्र देत नाही. त्या पट्ट्याच्या सुरुवातीच्या १६ बाइटांत लायब्ररी आपली नोंद लिहिते, तेव्हा पहिलं पेज भरतं. p त्यानंतर सुरू होतो, म्हणून p[5000] पट्ट्याच्या आरंभापासून ५०१६व्या अंतरावर, म्हणजे दुसऱ्या पेजमध्ये पडतो. तिथे लिहिताना पेज टेबलात नोंद सापडत नाही, प्रोसेसर पेज फॉल्ट देतो, कर्नल शून्यांनी भरलेलं पेज जोडतो आणि तीच सूचना पुन्हा चालते. ह्यूज पेज बंद असतील, तर १ जीबीपैकी खर्ची पडले ८ केबी. `/proc/<pid>/status` उघडलं की `VmSize` फुगलेला दिसतो, `VmRSS` जवळजवळ जागच्या जागी असतो.

म्हणूनच malloc ने NULL दिला नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. रॅम आणि स्वॅप संपल्याचं कळतं ते पुढे कधीतरी, लिहिताना. तेव्हा कर्नल एखादी प्रोसेसच मारून टाकतो, आणि malloc ची ओळ तर केव्हाच मागे पडलेली असते.

स्टॅकही असाच पेज फॉल्टने वाढतो. फक्त त्याला कमाल मर्यादा असते. `ulimit -s` बहुधा 8192 दाखवतं, म्हणजे ८ एमबी. ४००० बाइटांचा अ‍ॅरे असलेलं फंक्शन स्वतःलाच बोलवत गेलं, तर दोन हजारांच्या आसपास खोलीवर ही मर्यादा ओलांडली जाते. तेव्हाही पेज फॉल्टच येतो, पण पत्ता हद्दीबाहेरचा असल्याने कर्नल पेज देत नाही, Segmentation fault देतो. प्रोसेसरच्या लेखी दोन्ही घटना सारख्याच. निवाडा कर्नल करतो, तोही आपल्याकडच्या हद्दींच्या यादीवरून.

हात लागेल तेव्हाच पेज आणायचं, ही रीत मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२ सालीच होती. पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांना विनंती आहे, की व्याख्या विचारण्याऐवजी वरच्या दोन ओळी द्या आणि त्यांतून पेज फॉल्ट किती होतील, एवढंच विचारा.