तारीख हुकली, आता काय लिहायचं?

मैत्रिणीचा वाढदिवस 12 तारखेला. मला तो आठवला 15ला दुपारी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. गॅस बंद करून घाईघाईने लिहिलं : 'अगं, खूप खूप सॉरी! इतकी धावपळ होती की डोक्यातूनच गेलं. मलाच कसंतरी होतंय. रागावू नकोस हं. उशिरा का होईना, वाढदिवसाच्या शुभेच्छा!'

पाठवण्याआधी एकदा वाचलं आणि बोट थबकलं. वाढदिवस तिचा, पण पाचातली चार वाक्यं माझ्या विसरण्याचीच. यावर ती बिचारी काय लिहिणार? 'असू दे गं, होतं असं.' म्हणजे विसरायचं मी आणि समजूत घालायची तिने! शिवाय धावपळीची सबब टिकणारी नव्हती. 12च्या संध्याकाळी मी स्टेटसला कांदाभज्यांचा फोटो टाकला होता आणि तो तिने पाहिलाही होता.

सगळं पुसून पुन्हा लिहिलं : 'तीन दिवस उशीर झाला, चूक माझीच. केक संपला असेल, पण शुभेच्छा ताज्या आहेत. यंदा तुझ्या गच्चीतल्या लिंबाला एकदाची फळं धरू देत आणि जिना चढताना गुडघा गप्प राहू दे. रविवारी बासुंदी घेऊन येते, निरांजन तयार ठेव, ओवाळायचं राहिलंय.'

इथे चूक एकदाच कबूल केली आणि कारण दिलंच नाही. थट्टा केली ती माझ्या उशिराची. तिच्या वयाची नाही. लिंबू आणि गुडघा फक्त तिचे, त्यामुळे हा मजकूर दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. मात्र 'रविवारी येते' लिहिलं की जायला हवं. नाहीतर पुढच्या माफीला हसू येत नाही.

आपल्याकडे आणखी एक पळवाट आहे, तिथीची. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असल्याने तिथी तारखेच्या मागेपुढे सरकते. 'तारीख हुकली, तिथी तरी गाठली' असं लिहिता येतं, पण आधी पंचांग बघून. तिथी उलटून गेली असेल तर दोन्ही हुकल्याची कबुलीच होते. आणि 19, 38, 57 या वर्षांना तिथी आणि तारीख जवळपास एकत्रच येतात. तेव्हा ही वाट बंद.

काही ठिकाणी विनोद नकोच. काकांची पंचाहत्तरी विसरलो, किंवा जोडीदार गेल्यानंतरचा कुणाचा पहिला वाढदिवस हुकला, तर मेसेज न करता फोन करावा, सरळ माफी मागावी आणि मग त्यांना बोलू द्यावं.

मैत्रिणीचं उत्तर दहा मिनिटांत आलं : 'चारोळी जास्त घाल.'